शिरेवरून दगड ओळखू नये : ओट्याच्या फोटोतला ग्रॅनाइट, संगमरवर आणि क्वार्ट्झ

स्वयंपाकघराच्या ओट्याचा फोटो फोनवर येतो, खाली ‘इटालियन मार्बल’ किंवा ‘ग्रॅनाइट ओटा’ असे लिहिलेले असते आणि घर घेणारे किंवा ओटा बसवून घेणारे त्या शब्दांवर भरवसा ठेवून व्यवहार पुढे नेतात. चूक वापर सुरू झाल्यावर कळते. संगमरवराला ग्रॅनाइट समजले, तर लिंबाच्या किंवा चिंचेच्या एका ओघळाने पॉलिश उडते आणि तिथे निस्तेज डाग राहतो. क्वार्ट्झला ग्रॅनाइट समजले, तर गॅसवरून उतरवलेली तापलेली कढई बिनधास्त त्यावर टेकवली जाते आणि आतले रेझिन करपून पिवळसर-तपकिरी होते. दगड कोणता आहे, यावर त्याचा सांभाळ ठरतो. म्हणून ओळख नीट व्हायला हवी.

या तिघांमधला फरक रंगात किंवा नक्षीत नसून दाणे एकमेकांना कसे भिडतात यात आहे. ग्रॅनाइट जमिनीखाली खोलवर शिलारस सावकाश थंड होऊन तयार होतो. त्यात वेगवेगळ्या खनिजांचे स्फटिक एकमेकांना खेटून, एकमेकांत अडकून वाढलेले असतात. संगमरवर म्हणजे उष्णता आणि दाबाखाली पुन्हा स्फटिकरूप झालेला चुनखडक. त्यात बहुतांश एकाच खनिजाचे, कॅल्साइटचे, दाणे असतात आणि ते फुटलेल्या खडीसाखरेसारखे दिसतात. क्वार्ट्झचा स्लॅब कारखान्यात बनतो. क्वार्ट्झची बारीक खडी आणि भुकटी रेझिन व रंगात कालवून, निर्वात जागेत कंप देत दाबतात आणि उष्णता देऊन घट्ट करतात. त्यातले दाणे एकमेकांत वाढलेले नसतात, ते रेझिनमध्ये बसवलेले असतात. नक्षीची नक्कल कारखान्याला सहज जमते. दाण्यांच्या या बांधणीची नक्कल मात्र जमत नाही. जवळून घेतलेल्या फोटोत तीच शोधायची असते.

गैरसमज : शिरा दिसल्या की तो संगमरवर, ग्रॅनाइटवर नुसते ठिपके असतात.

ही समजूत पक्की होण्याला कारण आहे. बहुतेकांच्या पाहण्यात संगमरवर येतो तो देवळात किंवा देव्हाऱ्यात, पांढरा आणि करड्या शिरांचा. ग्रॅनाइट येतो तो ओट्यावर, तपकिरी किंवा काळ्या ठिपक्यांचा. दोन्ही अनुभव खरे आहेत, पण त्यांच्यावरून काढलेला नियम खोटा आहे. दगडाच्या बाजारात ग्रॅनाइट या नावाखाली विकल्या जाणाऱ्या मालात शास्त्रीय अर्थाने ग्रॅनाइट नसलेले अनेक कठीण खडक असतात. नाइस हा त्यांतला एक. दाबाखाली त्याची खनिजे पट्ट्यापट्ट्यांनी वेगळी झालेली असतात. दक्षिण भारतातून येणाऱ्या कित्येक ‘ग्रॅनाइट’ स्लॅबवर त्यामुळे नदीच्या प्रवाहासारखे लांब, वळणदार पट्टे दिसतात. दुसरीकडे क्वार्ट्झ बनवणारे कारखाने आज सर्वांत जास्त नक्कल करतात ती पांढऱ्या जमिनीवरच्या करड्या शिरांचीच. म्हणजे शीर तिन्ही दगडांवर असू शकते. शीर आहे की नाही, यापेक्षा ती कशाची बनली आहे, हा प्रश्न विचारावा.

त्याचे उत्तर फोटो मोठा केल्यावर मिळते. नाइसमधली ‘शीर’ ही रेघ नसतेच. अभ्रक किंवा हॉर्नब्लेंडसारख्या काळ्या खनिजांचे दाणे तिथे दाटीने जमलेले असतात. जवळून पाहिले की रेघ विरते आणि वेगवेगळे काळे दाणे दिसू लागतात. संगमरवराची शीर याच्या उलट असते. मूळ चुनखडकातली माती, लोह किंवा ग्रॅफाइट यांचा अंश तिथे उतरलेला असतो. रंग बदलतो, पण दाणा बहुधा तोच राहतो. शिरेच्या कडा धूसर असतात, एका बाजूला गडद तर दुसऱ्या बाजूला विरघळत गेलेल्या, आणि तिची जाडी सतत बदलते. क्वार्ट्झच्या शिरेत रंग रेझिनला दिलेला असतो, दाण्याला नाही. म्हणून चांगल्या जवळच्या फोटोत करड्या शिरेच्या आतही क्वार्ट्झचे कण जसेच्या तसे पारदर्शक किंवा दुधाळ दिसतात आणि त्यांच्याभोवतीचा लगदा तेवढा करडा असतो. कण स्वच्छ आणि त्यांच्या मधली जागा रंगीत, ही खूण निसर्गाने बनवलेल्या दगडात सापडत नाही.

गैरसमज : चमचमणारे कण असले की ग्रॅनाइट अस्सल.

चमक दिसली की दगड ‘जिवंत’ वाटतो आणि विक्रेतेही फोटो काढताना उजेड मुद्दाम तसा पाडतात. ग्रॅनाइटमध्ये चमक असते हे खरे. त्यातले अभ्रक आणि फेल्डस्पार सपाट पृष्ठांवर फुटतात आणि ती पृष्ठे आरशासारखी उजेड परतवतात. पण संगमरवरातला कॅल्साइटही सपाट पृष्ठांवरच फुटतो आणि तिरप्या उजेडात तोही लुकलुकतो. क्वार्ट्झच्या काही स्लॅबमध्ये तर आरशाचे किंवा काचेचे तुकडे मुद्दाम मिसळलेले असतात. चमक म्हणजे केवळ एक सपाट पृष्ठ. ते कोणत्या खनिजाचे, हे चमकेवरून ठरत नाही.

चमकणारा कण आणि त्याचा शेजार यांच्यातली सीमा पाहिली की ठरते. आंध्र प्रदेशात ओंगोलजवळच्या चिमाकुर्तीहून येणारा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ हा यासाठी उत्तम नमुना आहे. काळ्या जमिनीवर सोनेरी-तांबूस ठिपके पसरलेले असल्याने तो अनेकांना कारखान्यातला वाटतो. प्रत्यक्षात हा गॅब्रोच्या कुळातला नैसर्गिक खडक आहे आणि ते ठिपके ब्रॉन्झाइट या खनिजाचे आहेत. फोटोत एका ठिपक्यावर लक्ष ठेवावे. त्याची कड दातेरी असते, शेजारची काळी खनिजे तिच्यात घुसलेली असतात आणि ठिपक्याची चमक मधेच तुटलेली दिसते. फोन थोडा फिरवून दुसरा फोटो घेतला की आधी चमकणारे काही ठिपके विझतात आणि दुसरे पेटतात, कारण प्रत्येक स्फटिक वेगळ्या कोनात वाढलेला असतो. काळ्या क्वार्ट्झमधला आरशाचा तुकडा असा दिसत नाही. त्याच्या कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ असतात, भोवती काळ्या लगद्याची अखंड चौकट असते आणि तो शेजाऱ्यात कुठेही घुसलेला नसतो. तो तुकडा तिथे येऊन बसलेला आहे, तिथे वाढलेला नाही, हे नजरेला लगेच कळते.

क्वार्ट्झमधले दाणे असे सुटे का दिसतात, याला गणिताचा आधार आहे. अशा स्लॅबमध्ये रेझिन वजनाने साधारण ७ ते १० टक्के असते, आणि जाहिरातीत ‘९० टक्क्यांहून जास्त नैसर्गिक क्वार्ट्झ’ असे सांगितले जाते. पण रेझिन क्वार्ट्झच्या निम्म्याहूनही हलके असते. त्यामुळे वजनाने ८ टक्के असलेले रेझिन आकारमानाने सुमारे १७ टक्के जागा व्यापते. शिवाय मोठ्या दाण्यांमधल्या जागेत रंगीत रेझिनबरोबर क्वार्ट्झची भुकटीही असते. ती डोळ्यांना दाणेदार न दिसता एकसंध लगद्यासारखी दिसते. मोठे दाणे एकमेकांपासून अंतर राखून तरंगताना दिसतात ते यामुळे. ग्रॅनाइटमध्ये दोन स्फटिकांच्या मधे असे रिकामे अंतर सापडत नाही. एक संपतो तिथेच दुसरा सुरू होतो.

गैरसमज : पांढराशुभ्र ओटा ग्रॅनाइटचा असूच शकत नाही; तो संगमरवर किंवा क्वार्ट्झच.

या समजुतीत निम्मे तथ्य आहे, म्हणून ती खोडून काढणे अवघड जाते. दुधासारखा एकरंगी पांढरा ग्रॅनाइट खरोखरच नसतो. ग्रॅनाइटमध्ये पांढऱ्या फेल्डस्पारबरोबर क्वार्ट्झ हे खनिज असतेच आणि दगडात बसलेला क्वार्ट्झ काचेसारखा करडा दिसतो. बहुधा एखादे काळे खनिजही सोबत असते. पण ‘पांढरा’ म्हणून विकला जाणारा ग्रॅनाइट बाजारात भरपूर आहे. ‘काश्मीर व्हाइट’ हा त्यांतला प्रसिद्ध. नावात काश्मीर असले तरी तो तामिळनाडूतून येतो. लांबून तो मळकट पांढरा दिसतो. जवळच्या फोटोत मात्र पांढऱ्या फेल्डस्पारमध्ये करड्या काचेसारखे डाग आणि त्यांच्यात विखुरलेले गर्द लाल गार्नेटचे दाणे दिसतात. पांढऱ्या जमिनीवर लालसर, गोलसर दाणे दिसले की त्याला संगमरवर म्हणण्याची घाई करू नये. या दगडाचा एक दोषही फोटोत ओळखू येतो. त्यात पाणी मुरते आणि लोहयुक्त खनिजे गंजली की दाण्यांभोवती पिवळट-तपकिरी वलये उमटतात. सिंकच्या काठाला अशी वलये दिसली तर ती तेलाची नसून गंजाची असण्याची शक्यता जास्त.

खरोखर निखळ पांढरे दिसते तेव्हा तीन शक्यता उरतात. संगमरवर असेल तर तिरप्या उजेडात बारीक स्फटिकांची लुकलुक दिसते आणि पृष्ठभागाला किंचित खोली असते, उजेड थोडा आत शिरून परतल्यासारखा. क्वार्ट्झ असेल तर बहुधा बारीक, एकाच मापाचे, धुरकट कण सर्वत्र सारख्या अंतराने पसरलेले दिसतात. तिसरी शक्यता ‘नॅनो व्हाइट’ नावाने विकल्या जाणाऱ्या मालाची. तो दगडच नाही, काच तापवून स्फटिकरूप केलेली असते. त्यात दाणा शोधूनही सापडत नाही. मात्र कापलेल्या कडेवर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात. ते काचेत अडकलेले हवेचे बुडबुडे असतात.

गैरसमज : काळा आणि गुळगुळीत असेल तर तो ग्रॅनाइटच.

महाराष्ट्रात ही गफलत विशेष होते, कारण इथल्या जुन्या घरांतले असंख्य ओटे कडप्प्याचे आहेत. काळा ग्रॅनाइट स्वस्त आणि सहज मिळू लागण्याच्या आधी कडप्पाच घरोघरी होता आणि पॉलिश केलेला कडप्पा तेलाच्या हाताने पुसला की ग्रॅनाइटसारखाच काळाभोर दिसतो. पण आंध्रच्या कडप्पा भागातून येणारा हा दगड चुनखडक आहे. संगमरवराशी त्याचे खनिजाचे नाते आहे, ग्रॅनाइटशी नाही. ताक, लिंबू, व्हिनेगर यांनी त्याचेही पॉलिश उडते आणि डाग पांढरट पडतो.

फोटोत फरक दोन ठिकाणी सापडतो. पहिला पृष्ठभागावर. टॉर्चचा उजेड अगदी आडवा टाकून काळ्या ग्रॅनाइटचा फोटो घेतला, की काळ्यात करड्या रंगाच्या बारीक काड्यांची गुंतवळ दिसते. त्या फेल्डस्पारच्या काड्या असतात. कडप्प्यात असे काही दिसत नाही. त्याचा दाणा डोळ्यांना न दिसण्याइतका बारीक असतो आणि असलीच तर कॅल्साइटची एखादी पांढरी केसासारखी रेघ आडवी गेलेली असते. दुसरा फरक कडेवर. कडप्पा पाण्याखाली थराथराने साचलेला असतो आणि थरावरच सुटतो. न घासलेल्या कडेवर पानावर पान ठेवल्यासारख्या आडव्या पातळ्या दिसतात आणि खालची बाजू अनेकदा यंत्राने कापलेली नसून फोडलेली, उंचसखल असते. ग्रॅनाइटच्या कडेला थर नसतो. तो कुठूनही सारखाच ओबडधोबड फुटतो.

गैरसमज : कड पाहिली की निकाल लागला, शीर आरपार गेलेली असेल तर दगड अस्सल.

कडेचा पुरावा महत्त्वाचा आहे आणि काही वर्षांपूर्वी हा नियम बऱ्यापैकी चालतही होता. सुरुवातीच्या शिरांच्या क्वार्ट्झमध्ये नक्षी वरच्या थरातच असे. कडेवर ती अचानक तुटायची आणि खाली कोरी पांढरी जाडी उरायची. असा माल आजही मिळतो, त्यामुळे शीर कडेवर तुटली तर दगड कृत्रिम हा निष्कर्ष अजूनही बरोबर ठरतो. उलटा निष्कर्ष मात्र आता चालत नाही. कारखाने ओल्या मिश्रणात खोल चरे पाडून ते रंगीत लगद्याने भरतात आणि मग स्लॅब दाबतात. त्यामुळे शीर पूर्ण जाडीत उतरते. आरपार गेलेल्या शिरेवरून एवढेच सिद्ध होते की माल सर्वांत स्वस्त दर्जाचा नाही.

मिस्त्रीने केलेल्या कामामुळेही कड फसवते. ओट्याची पुढची कड जाड दिसावी म्हणून १८-२० मिलिमीटरच्या स्लॅबखाली त्याच दगडाची पट्टी चिकटवतात आणि दोन्ही मिळून गोलाई काढतात. फोटोत कडेच्या बरोबर मध्यावर एक सरळ आडवी रेघ दिसते. काहींना ती कारखान्यातल्या थराची खूण वाटते. प्रत्यक्षात तो चिकटवलेला सांधा असतो आणि तो तिन्ही दगडांत सापडतो. तसेच स्लॅबच्या मागे चिकटवलेली फायबरची जाळी पाहून ‘हा तर कृत्रिम’ असे म्हटले जाते. खरे तर जाळी नैसर्गिक दगडालाच लागते. भेगाळ संगमरवर आणि ठिसूळ ग्रॅनाइट कापताना आणि वाहून नेताना तुटू नये म्हणून ती लावतात. क्वार्ट्झला तिची गरज नसते.

म्हणून पॉलिश केलेल्या पुढच्या कडेपेक्षा न घासलेली जागा शोधावी : सिंकसाठी कापलेल्या भोकाची आतली बाजू, गॅसच्या नळीसाठी पाडलेले छिद्र, भिंतीकडचा कोपरा किंवा वापरात उडालेला एखादा टवका. टवका सर्वांत बोलका असतो. ग्रॅनाइटचा टवका खडबडीत असतो. त्यात फेल्डस्पारची चमकदार सपाट पृष्ठे आणि काचेसारखा वेडावाकडा फुटलेला क्वार्ट्झ शेजारी शेजारी दिसतात. संगमरवराचा टवका भर उजेडात सगळीकडून लुकलुकतो, कारण तिथे प्रत्येक दाणा आपापल्या सपाट पृष्ठावर फुटलेला असतो. क्वार्ट्झ स्लॅबचा टवका मंद, मॅट आणि काहीसा प्लास्टिकसारखा दिसतो. त्यात मोठी खडी असेल तर ती काचेसारखी चमकते, पण तिच्याभोवतीचा लगदा चमकत नाही. बारीक भुकटीपासून केलेल्या पांढऱ्या क्वार्ट्झमध्ये वरून दाणा अजिबात दिसत नाही आणि तिथे बहुतेक वेळा हा टवकाच निर्णय देतो.

गैरसमज : लिंबाने डाग पडला नाही, म्हणजे ग्रॅनाइट.

लिंबाची चाचणी घरच्या घरी होते आणि तिच्यात शास्त्रही आहे. आम्ल कॅल्साइट विरघळवते, म्हणून संगमरवराची झिलई जाते. पण या चाचणीतून संगमरवर बाजूला काढता येतो, एवढेच. ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झ या दोघांवरही लिंबाचा दिसण्याजोगा परिणाम होत नाही, त्यामुळे त्यांच्यात निवड करायला ती निरुपयोगी आहे. शिवाय वरून जाड लेप असलेल्या संगमरवरावर काही काळ डाग पडत नाही, आणि कॅल्साइटऐवजी डोलोमाइट जास्त असलेल्या संगमरवरावर आम्लाचा परिणाम सावकाश होतो. दुसऱ्याच्या ओट्यावर लिंबू पिळण्याची गरजही नसते. ओटा वापरातला असेल तर ही चाचणी रोजच्या स्वयंपाकाने आधीच केलेली असते. खिडकीच्या दिशेने तोंड करून, ओट्याच्या पातळीला फोन आणून फोटो घ्यावा. पेल्याच्या बुडाच्या मापाची निस्तेज वर्तुळे, सिंकजवळ पसरलेला मंद पट्टा, चॉपिंग बोर्डच्या जागेभोवती उडालेली झिलई दिसली, तर तो कॅल्साइटचा दगड आहे. वरून सरळ घेतलेल्या फोटोत यातले काहीच दिसत नाही. विक्रीच्या फोटोंमध्ये ओटा सहसा वरून किंवा लांबून घेतलेला असतो, हे लक्षात असू द्यावे.

गैरसमज : फोटो स्पष्ट असेल तर दगड ओळखलाच जातो.

फोनचे कॅमेरे इतके चांगले झाले आहेत की हा विश्वास स्वाभाविक वाटतो. अडचण कॅमेऱ्याच्या ताकदीची नसून मापाची आणि उजेडाची आहे. एकाच फोटोतला दाणा १ मिलिमीटरचा आहे की १० मिलिमीटरचा, हे शेजारी काही ठेवल्याशिवाय कळत नाही. वरच्या दिव्याचा सरळ पडणारा उजेड पॉलिशवरून परततो आणि दाण्यांमधल्या सीमा पुसून टाकतो. मेसेजमधून पाठवताना फोटो आवळला गेला की बारीक दाण्यांच्या जागी नुसता गुळगुळीत रंग उरतो, आणि मग कोणताही दगड क्वार्ट्झसारखाच दिसतो.

म्हणून तीन फोटो हवेत. पहिला हातभर अंतरावरून, नक्षीचा एकूण रोख कळण्यासाठी. दुसरा वीतभर किंवा त्याहून कमी अंतरावरून, शेजारी १० रुपयांचे नाणे ठेवून. या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यामुळे दाण्याचे माप लगेच काढता येते. तिसरा न घासलेल्या कडेचा. पृष्ठभाग पुसून कोरडा असावा, कारण ओला दगड आहे त्याहून गडद दिसतो. वरचा दिवा बंद करून बाजूने टॉर्च धरावा. फोटो शक्यतो फाइल म्हणून पाठवावा, म्हणजे तो आवळला जात नाही.

एवढे करूनही एक जोडी फोटोला चकवते : संगमरवर आणि क्वार्टझाइट. क्वार्टझाइट हा वालुकाश्म पुन्हा स्फटिकरूप होऊन बनलेला नैसर्गिक खडक. कारखान्यातल्या क्वार्ट्झशी त्याची गल्लत करू नये. ब्राझीलमधून येणारा ‘ताजमहाल’ नावाचा क्वार्टझाइट मलईच्या रंगाचा, धूसर सोनेरी शिरांचा असतो आणि फोटोत हुबेहूब संगमरवर वाटतो. इथे कठीणपणाचीच मदत घ्यावी लागते. कठीणपणाच्या मोजपट्टीवर कॅल्साइट ३ वर येतो आणि क्वार्टझाइटमधला क्वार्ट्झ ७ वर. स्टीलच्या सुरीचे टोक न दिसणाऱ्या कोपऱ्यात दाबून ओढले, तर संगमरवरावर ओरखडा उमटतो. क्वार्टझाइटवर फार तर सुरीच्या धातूची करडी रेघ उमटते आणि ती बोटाने पुसली जाते. हे काम फोटोवर होत नाही, ओट्यापाशी जाऊनच करावे लागते.

एक फोटो, पायरीपायरीने

समजा, भाड्याच्या घराच्या जाहिरातीत ‘इटालियन मार्बलचा ओटा’ असे लिहिले आहे. फोटोत पांढऱ्या जमिनीवर करड्या, तिरप्या शिरा आहेत. घरमालकाकडून वर सांगितलेले तीन फोटो मागवले. पहिल्यात शिरा सुंदर दिसतात, पण त्यावरून काहीच ठरत नाही. सिंकच्या डावीकडे आणि उजवीकडे शिरेचे तेच वळण, त्याच जागी, त्याच फाट्यासह पुन्हा आलेले दिसते. नैसर्गिक दगडात एकाच ब्लॉकचे लागोपाठचे काप सारखे दिसतात हे खरे. मात्र प्रत्येक कापात शीर थोडी सरकते, आणि काप उलटून पुस्तकासारखे जोडले तर एकाचे दुसऱ्यात आरशातले प्रतिबिंब दिसते. फाट्यासह तंतोतंत तीच आकृती, तीही न उलटता, हा साच्याकडे बोट दाखवणारा पहिला धागा.

दुसऱ्या फोटोत नाण्याशेजारी धुरकट कण दिसतात. नाण्याच्या रुंदीत असे सुमारे ५० कण एका ओळीत मावतील, म्हणजे कण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे. ते सगळे जवळजवळ एकाच मापाचे आहेत आणि दोन कणांमध्ये दुधाळ लगदा स्पष्ट दिसतो. शीर जिथून जाते तिथे कण तसेच स्वच्छ आहेत, मधला लगदा मात्र करडा झाला आहे. बाजूने टॉर्च असूनही सर्वत्र पसरलेली बारीक लुकलुक नाही. संगमरवर इथेच बाद होतो. ग्रॅनाइटही बाद होतो, कारण एकमेकांत अडकलेले निरनिराळे स्फटिक कुठेच नाहीत. तिसऱ्या फोटोत सिंकच्या कापलेल्या कडेवर शीर पूर्ण जाडीत उतरलेली आहे. जुन्या नियमाने हा ओटा ‘अस्सल’ ठरला असता. पण त्याच कडेवर एक टवका आहे आणि तो मंद, मॅट आहे. त्यात अधूनमधून एखादा काचेसारखा कण चमकतो. तिन्ही फोटोंचा साक्षीपुरावा जुळतो : हा क्वार्ट्झ आहे.

घरमालकाने लबाडी केली असे मानण्याचे कारण नाही. त्यालाही दुकानदाराने ‘मार्बल पॅटर्न’ असे सांगितले असेल आणि त्यातला ‘पॅटर्न’ जाहिरातीत यायचा राहिला असेल. पण राहायला येणाऱ्याच्या दृष्टीने फरक मोठा आहे. या ओट्यावर लिंबू, टोमॅटो, ताक सांडले तरी घाबरायला नको. मात्र रेझिन साधारण १५० अंश सेल्सिअसच्या पुढे टिकत नाही आणि तळणाची कढई त्याहून बरीच तापलेली असते, म्हणून तिच्याखाली जाड लाकडी पाट किंवा स्टँड हवाच. ओट्याचा जो भाग दिवसभर थेट उन्हात येतो तिथे पांढरे रेझिन काही वर्षांनी पिवळे पडू शकते, तेव्हा त्या खिडकीला पडदा लावावा. आणि अनामत रक्कम देण्याआधी करारात ‘क्वार्ट्झ ओटा’ असे लिहून घ्यावे, त्यावर आधीच असलेले डाग आणि टवके फोटोसह नोंदवावेत, म्हणजे घर सोडताना संगमरवराच्या भावाने भरपाई मागितली जाणार नाही.